परिलब्धींचे करमूल्यमापन : साखर कारखान्याच्या वसाहतीतील घर

नोकरास पगाराच्या रोख रकमेखेरीज नियोक्त्याकडून ज्या सोयी फुकट किंवा सवलतीने मिळतात, त्यांना प्राप्तिकराच्या परिभाषेत परिलब्धी असे म्हणतात. राहण्यास दिलेले घर, वापरण्यास दिलेली मोटार, उपाहारगृहातील स्वस्त जेवण, घरी फुकट मिळणारी वीज व पाणी ही तिची नेहमीची उदाहरणे होत. रोख पगार किती हे वेतनपत्रक पाहून कळते; परिलब्धीचे मूल्य मात्र कोणीतरी ठरवावे लागते. ते कोणी व कसे ठरवावे, हाच या करातील वादाचा मूळ विषय राहिला आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा येथे भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्याचा दुसरा गाळप घटक आहे. ऊसपट्ट्यातील साखर कारखाने बहुधा शहरापासून दूर, उसाच्या रानातच उभे राहतात. गाळपाच्या हंगामात यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. चीफ केमिस्ट, चीफ इंजिनिअर, पॅनमन, बॉयलरवरील माणसे यांना हाकेच्या अंतरावर ठेवणे कारखान्याला भाग असते आणि गावात भाड्याने मिळणारी घरे मोजकीच असतात. त्यामुळे कारखान्याची वसाहत ही कामगारावरील मेहेरबानी जेवढी, तेवढीच कारखान्याची गरजही असते. अशा वसाहतीतील घराचे कराच्या दृष्टीने मूल्य किती, या साध्या प्रश्नाची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत वेळोवेळी बदलत गेली आहेत.

प्रश्नाचे पहिले प्रसिद्ध उत्तर इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १८९२ मध्ये टेनंट विरुद्ध स्मिथ या खटल्यात दिले. स्कॉटलंडमधील माँट्रोझ येथील एका बँकेच्या एजंटाला बँकेच्याच इमारतीत राहावे लागे. त्या राहण्याचे मूल्य वर्षाला ५० पौंड धरले, तर त्याचे उत्पन्न ४०० पौंडांची मर्यादा ओलांडी व करातील सूट जाई. न धरले, तर सूट टिके. घर त्याला दुसऱ्यास भाड्याने देता येत नव्हते, म्हणजे त्याचे पैशांत रूपांतर करता येत नव्हते. जे पैशांत बदलता येत नाही, ते उत्पन्न नव्हे, असा निकाल लागला. एखाद्याचा खर्च वाचला म्हणून त्याची मिळकत वाढली असे होत नाही, हे या निकालाचे तत्त्व होते.

भारतीय कायद्याने हे तत्त्व घराबाबत स्वीकारले नाही. १९२२ च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या सातव्या कलमाखालील स्पष्टीकरणाने, नियोक्त्याने दिलेल्या जागेत भाडे न देता राहण्याचा हक्क ही परिलब्धीच होय, असे सांगून टाकले. घर दुसऱ्याला देता येते की नाही, हा प्रश्न त्यामुळे उरला नाही. डोंगरकड्याचा प्रदेश त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा तेथे लागू नव्हता. संस्थानाचे विलीनीकरण झाल्यावर १ एप्रिल १९५० पासून तो लागू झाला. पुढे १९५५ मध्ये परिलब्धीची व्याख्या विस्तारून फुकट घराबरोबर सवलतीच्या भाड्याचे घरही तीत घेण्यात आले. १९६१ च्या अधिनियमाने हीच मांडणी सतराव्या कलमात पुढे चालविली आणि मूल्य काढण्याची रीत १९६२ च्या नियमावलीतील तिसऱ्या नियमावर सोपविली.

या नियमाचे जुने रूप समजून घेतल्याखेरीज पुढील वाद कळत नाही. बिनफर्निचरच्या फुकट घराचे मूल्य सर्वसाधारणपणे पगाराच्या १० टक्के धरीत. दहा टक्क्यांचा आकडा प्रशासनाला नवा नव्हता. सरकारी बंगल्यात राहणाऱ्या अधिकाऱ्याकडून वित्तलब्धीच्या १० टक्क्यांहून जास्त भाडे घेऊ नये, अशी तरतूद ब्रिटिश अमदानीतील मूलभूत सेवानियमांत होती. मात्र जुना नियम या टक्केवारीवर थांबत नसे. त्याच्या दोन्ही बाजूंना घराचे वाजवी भाडे उभे असे. तसेच घर बाजारात ज्या भाड्याने मिळेल ते, किंवा नगरपालिकेने ठरविलेले मूल्य, यांपैकी जे अधिक ते वाजवी भाडे समजत. ते पगाराच्या मानाने ठराविक प्रमाणापेक्षा फार जास्त असल्यास जादा रक्कम मूल्यात मिळविली जाई. उलट, टक्केवारीने येणारी रक्कम वाजवी भाड्याहून अधिक आहे असे नोकराने दाखवून दिले आणि अधिकाऱ्याची खात्री पटली, तर मूल्य वाजवी भाड्यापुरतेच धरले जाई. पहिल्या तरतुदीचा रोख मुंबईतील कंपन्यांच्या आलिशान सदनिकांकडे होता. दुसरीचा आधार खेड्यातील वसाहतीत राहणाऱ्यांना होता.

या पद्धतीत एक व्यावहारिक दोष होता. प्रत्येक घराचे वाजवी भाडे ठरविताना अधिकाऱ्याला तर्क लढवावा लागे आणि अपिले वाढत. २००१ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ सप्टेंबरच्या अधिसूचनेने तिसरा नियम समूळ बदलला आणि बदल त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू केला. वाजवी भाडे नियमातून काढून टाकण्यात आले. १९९१ च्या जनगणनेप्रमाणे ४ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत पगाराच्या १० टक्के व अन्यत्र ७.५ टक्के, एवढाच हिशेब उरला. काम सोपे झाले यात शंका नाही. पण घराचे मूल्य घराकडे न पाहता ठरू लागले. मुंबईच्या सदनिकेवरील जादा आकारणी गेली आणि खेड्यातील नोकराचे संरक्षणही गेले. या दोहोंपैकी दुसऱ्याची नोंद फारशी कोणी घेतली नाही.

याचा परिणाम उदाहरणाने पाहणे बरे. डोंगरकड्यासारख्या ठिकाणी कारखान्याच्या मालकीच्या घरात फुकट राहणारा एक रसायनज्ञ कल्पावा. त्याचे मूळ वेतन व निवृत्तिलाभांत गणला जाणारा महागाई भत्ता मिळून महिना ७२,००० रुपये, म्हणजे वर्षाला ८,६४,००० रुपये, आणि बोनस ३६,००० रुपये. एकूण ९,००,००० रुपये. गावात तसेच घर महिना २,००० रुपये भाड्याने मिळत असेल, तर बाजारभावाने त्या घराची वर्षाची किंमत २४,००० रुपये झाली. ७.५ टक्क्यांच्या दराने मात्र परिलब्धीचे मूल्य ६७,५०० रुपये येते. २०२३ मध्ये हा दर ५ टक्क्यांवर आला. त्यानेही ते ४५,००० रुपये होते. २० टक्के दराने कर व त्यावरील ४ टक्के उपकर धरल्यास २०२४-२५ या वर्षी रसायनज्ञाला या घरापोटी ९,३६० रुपये भरावे लागतील. बाजारभाव धरला असता, तर ४,९९२ रुपये पुरले असते. शेजारच्या, अगदी त्याच मापाच्या घरात वर्षाला ३,००,००० रुपये मिळविणारा लिपिक राहत असेल, तर त्याच्या घराचे मूल्य १५,००० रुपये ठरते. विटा, पत्रे, अंगण सारखेच; मूल्य मात्र तिप्पट वेगळे.

आता मुंबईकडे पाहावे. वर्षाला २४ लाख पगार असलेल्या अधिकाऱ्याला कंपनीने स्वतःच्या मालकीची, महिना २ लाख भाडे येईल अशी सदनिका दिली, तर बाजारभावाने तिचे वार्षिक मूल्य पगाराइतकेच, म्हणजे २४ लाख होते. १० टक्के दराने करासाठी ते २ लाख ४० हजार ठरते. नियमाचा भार कोठे हलका व कोठे जड पडतो, हे या दोन उदाहरणांवरून दिसून येते. शहरानुसार टक्केवारी बदलून हा फरक भरून निघत नाही. कारण भाड्यातील तफावत शंभरपटींची असू शकते आणि टक्केवारीतील तफावत दुपटीची.

दुसरी विसंगती मालकीची आहे. घर कारखान्याचे स्वतःचे नसून त्याने गावातील एखाद्याकडून भाड्याने घेऊन नोकराला दिले असेल, तर प्रत्यक्ष दिलेले भाडे व पगाराची ठराविक टक्केवारी यांपैकी जी रक्कम कमी, ती मूल्य म्हणून धरली जाते. २०२३ नंतर ही टक्केवारी १० आहे. वरील रसायनज्ञाला कारखान्याने महिना २,००० रुपयांचे भाड्याचे घर दिले असते, तर २४,००० व ९०,००० यांपैकी कमी, म्हणजे २४,००० रुपयेच मूल्य झाले असते. म्हणजे कारखान्याने स्वतः वसाहत बांधली, एवढ्याच कारणाने नोकराचे करपात्र उत्पन्न २१,००० रुपयांनी वाढते. घर सजविलेले असल्यास पलंग, कपाट, पंखे, शीतकपाट आदी सामानाच्या मूळ किमतीच्या १० टक्के दरसाल मूल्यात मिळवावे लागतात; सामान भाड्याचे असल्यास ते भाडे. नोकर जे भाडे देत असेल, ते शेवटी वजा होते.

दुर्गम जागेतील कामगारांचा विचार नियमाने अजिबात केला नाही असे नव्हे. २००१ च्या नियमात खाण, तेलविहीर, प्रकल्प-उभारणी, धरण, वीजनिर्मिती व समुद्रातील कामाची ठिकाणे येथील तात्पुरत्या घरांना सूट होती. घर ८०० चौ. फुटांपेक्षा मोठे नसावे आणि नगरपालिकेच्या हद्दीपासून निदान ८ किमी. दूर असावे, अशा अटी होत्या. साखर कारखाना मात्र या यादीत नाही. कारखान्याच्या आवारात बगॅसवर सहवीजनिर्मिती होत असली, तरी तेवढ्याने साखर कारखान्याची वसाहत वीजनिर्मितीचे ठिकाण ठरते असे म्हणता येणार नाही. शिवाय वसाहतीतील घरे पक्की असतात, तात्पुरती नव्हेत.

सरकारी नोकरांसाठी तर मोजपट्टीच वेगळी आहे. हिंगोली जिल्ह्यातच पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. तेथील पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यास सरकारी निवासस्थान मिळाले, तर शासनाने ठरविलेल्या अनुज्ञप्ती-शुल्कातून त्याच्या पगारातून कापलेली रक्कम वजा करून उरेल तेवढेच मूल्य धरतात. शासन जेवढे शुल्क ठरविते तेवढेच बहुधा कापते. त्यामुळे मूल्य शून्य येते. कारखान्यातील व धरणावरील अभियंते सारख्याच घरात राहिले, तरी एकाला कर लागतो व दुसऱ्याला लागत नाही.

हाच भेद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अरुणकुमार विरुद्ध भारत संघराज्य या प्रकरणात २००१ चा नियम घटनाबाह्य असल्याचा दावा करण्यात आला होता. १५ सप्टेंबर २००६ रोजी न्यायमूर्ती सी. के. ठक्कर यांनी लिहिलेल्या निकालात नियम वैध ठरविण्यात आला आणि सरकारी नोकरांचा वेगळा वर्ग मान्य करण्यात आला. परंतु न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. कायद्यातील शब्द ‘भाड्याच्या बाबतीतील सवलत’ असे आहेत. तेव्हा सवलत मुळात आहे किंवा नाही, हे आधी सिद्ध झाले पाहिजे. ती आहे असे ठरल्यानंतरच तिचे मूल्य काढण्यास तिसरा नियम उपयोगी पडतो. नियम हे मापन करण्याचे साधन आहे, सवलत निर्माण करण्याचे नव्हे. भाडे भरून कारखान्याच्या घरात राहणाऱ्या नोकराला यामुळे वाव मिळाला : आपण देतो ते भाडे गावच्या भावाचेच आहे, मग सवलत कसली, असे तो म्हणू शकत होता.

हा वाव एक वर्षही टिकला नाही. २००७ च्या वित्त अधिनियमाने सतराव्या कलमात नवी स्पष्टीकरणे घातली. ठराविक टक्केवारीने येणारी रक्कम नोकराकडून घेतलेल्या भाड्याहून अधिक असेल, तर सवलत आहे असे मानण्यात येईल, असे त्यांत म्हटले होते. आणि हा बदल पूर्वलक्षी परिणामाने, १ एप्रिल २००२ पासून अंमलात आला असे समजण्यात आले. न्यायालयाने जी गोष्ट पुराव्याने ठरवावी असे म्हटले होते, ती कायद्याने गृहीत धरली. नोकराने बाजारभावाने भाडे दिले तरी ते टक्केवारीपेक्षा कमी असल्यास फरकावर कर लागू झाला. शब्दार्थाने पाहता सवलत नसताना ती मानणे विचित्र आहे. तथापि कर गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने लाखो घरांच्या भाड्याची चौकशी टळली, हेही खरे. त्याच सुधारणेत २००१ च्या जनगणनेनुसार २५ लाखांवरील शहरे, १० ते २५ लाखांची शहरे व अन्य ठिकाणे यांसाठी अनुक्रमे १५, १० व ७.५ टक्के असे तीन टप्पे आले.

१ सप्टेंबर २०२३ पासून हे टप्पे २०११ च्या जनगणनेवर आधारण्यात आले : ४० लाखांवर १० टक्के, १५ ते ४० लाखांपर्यंत ७.५ टक्के व इतरत्र ५ टक्के. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात मुंबई पडते. पुणे, नागपूर, ठाणे, पिंपरी-चिंचवड दुसऱ्यात. नाशिकची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १४ लाख ८६ हजार होती. त्यामुळे चौदा हजारांच्या फरकाने हे शहर तिसऱ्या टप्प्यात गेले आणि करापुरते ते नांदेडच्या व डोंगरकड्याच्या पंक्तीला बसले. दर कमी झाल्याने वसाहतीतील नोकरांचा भार हलका झाला, पण वाजवी भाड्याची जुनी कमाल मर्यादा परत आली नाही. तिच्याऐवजी एक वेगळी मर्यादा आली. तेच घर पुढील वर्षीही चालू राहिले, तर त्याचे मूल्य पहिल्या वर्षाच्या मूल्याला महागाई निर्देशांकाच्या प्रमाणात वाढवून येणाऱ्या रकमेपेक्षा जास्त धरीत नाहीत. वरील रसायनज्ञाला घर एप्रिल २०२४ मध्ये मिळाले व पुढील वर्षी वेतनवाढीने पगार ९,९०,००० झाला, तर ५ टक्क्यांनी ४९,५०० रुपये येतात. निर्देशांक ३६३ वरून ३७६ झाल्याने मर्यादा ४६,६१२ रुपये होते. म्हणून हीच रक्कम धरावयाची. पगार वाढला म्हणून घर मोठे होत नाही, हे निदान दुसऱ्या वर्षापासून तरी मान्य झाले.

हिशेबात चुका होतात त्या बहुधा टक्केवारीत नव्हे, तर ‘पगार’ या शब्दात. या कामासाठी पगारात मूळ वेतन, करपात्र भत्ते, बोनस, कमिशन व अन्य कोणत्याही नावाने दिलेली रोख रक्कम येते. महागाई भत्ता निवृत्तिलाभांच्या हिशेबात गणला जात असेल तरच धरावयाचा. भविष्यनिर्वाह निधीतील नियोक्त्याची वर्गणी, करमुक्त भत्ते व परिलब्धींचे मूल्य वगळावयाचे. साखर कारखान्यात हंगामी कामगारास गाळप बंद असतानाही काही प्रमाणात रिटेन्शन भत्ता मिळतो. रोख रक्कम असल्याने तोही पगारातच धरावा लागतो. मात्र घर जेवढे महिने ताब्यात होते, तेवढ्याच महिन्यांचा पगार हिशेबात घ्यावयाचा. हंगाम संपताच घर सोडणाऱ्या कामगाराच्या बाबतीत संपूर्ण वर्षाच्या पगारावर टक्केवारी लावली गेली, तर विवरणातील घराचा कालावधी व पगाराची रक्कम जुळवून पाहताच चूक उघडी पडते. वसाहतीला फुकट वीज मिळत असल्यास तिचे मूल्य ती कोठून येते यावर ठरते : बाहेरून विकत घेतलेली असल्यास तिचे बिल, कारखान्यानेच निर्माण केलेली असल्यास प्रतियुनिट उत्पादनखर्च. सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्यात हा दुसरा आकडा परिव्ययलेखापालाकडूनच घ्यावा लागतो.

मोटारीची रीत घराहून निराळी आहे. तेथे पगाराशी संबंध न ठेवता ठोक रक्कम धरतात. कारखान्याची, त्याच्याच खर्चाने चालणारी मोटार कामासाठी व खाजगीसाठी अशी दोन्ही वापरली जात असेल, तर २००९ मध्ये ठरल्याप्रमाणे १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनास महिना १,८०० व त्याहून मोठ्यास २,४०० रुपये, आणि चालक दिल्यास ९०० रुपये अधिक धरीत. चालकासह लहान मोटारीचे वर्षाचे मूल्य ३२,४०० रुपये होते. शेतकी अधिकारी जीप घेऊन केवळ उसाच्या नोंदी व तोडणीसाठी फिरत असेल, तर मूल्य शून्य. पण त्यासाठी प्रवासाची तारीख, ठिकाण, अंतर व खर्च दाखविणारे लॉगबुक आणि नियोक्त्याचे प्रमाणपत्र लागते. लॉगबुक नसेल, तर वापर पूर्णपणे कामापुरता होता हे दाखविणे कठीण जाते. घर ते कचेरी हा प्रवास मात्र कायद्यानेच परिलब्धीतून वगळला आहे. मोटारीची व फुकट विजेची परिलब्धी सर्वांना लागू नव्हती. संचालक, मोठे भागधारक व ठराविक मर्यादेपेक्षा अधिक पगाराचे नोकर यांनाच ती लागे. ही मर्यादा अनेक वर्षे ५०,००० रुपये होती. एवढ्या अल्प रकमेमुळे जवळजवळ प्रत्येक पगारदार तीत सापडे. २०२५ मध्ये ती ४ लाखांवर नेण्यात आली. घराला अशी मर्यादा कधीच नव्हती.

जेवणाचा प्रश्न त्यामानाने लहान आहे. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यास उपाहारगृह चालविण्यास १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली भाग पाडता येत असे. कामाच्या वेळात, कामाच्या जागी दिलेल्या जेवणावरील ५० रुपयांपर्यंतचा खर्च १९६२ च्या नियमावलीत करमुक्त होता. चहा व किरकोळ फराळ सर्वस्वी मुक्त. एका जेवणाला ७० रुपये खर्च येऊन कामगाराकडून २० रुपये घेतले जात असतील, तर मूल्य काहीच उरत नाही. २००५ ते २००९ या काळात मोटार, पाहुणचार आदी बऱ्याच सोयींवरील कर नोकराऐवजी नियोक्त्याकडून ‘फ्रिंज बेनिफिट टॅक्स’ या नावाने वसूल करण्याचा प्रयोग झाला. तो २००९ मध्ये रद्द झाला व या सोयी पुन्हा नोकराच्या उत्पन्नात आल्या. घर त्या काळातही नोकराच्याच खात्यावर राहिले.

मूल्य काढण्याचे काम प्रत्यक्षात कारखान्याच्या लेखाविभागाकडे असते. वर्षारंभी अंदाज करून दर महिन्याच्या पगारातून कर कापावयाचा आणि वर्षअखेरीस नमुना १६ बरोबर नमुना १२ बीए मध्ये प्रत्येक परिलब्धीचे मूल्य, नोकराकडून वसूल केलेली रक्कम व उरलेली करपात्र रक्कम दाखवावयाची, अशी रीत १९६१ च्या अधिनियमाखाली होती. कपात कमी झाल्यास कारखाना कसूरदार ठरतो आणि व्याज त्याच्यावर बसते. हा धोका असल्यामुळे लेखापाल संशयाच्या जागी जास्त मूल्य धरण्याकडे झुकतात आणि जादा कापलेला कर परत मिळविण्याचे काम नोकरावर येते. बिगररोख परिलब्धीवरील कर नियोक्त्याने स्वतः भरण्याचा पर्यायही २००२ पासून उपलब्ध झाला. त्यात नोकराला तो भरलेला कर उत्पन्न म्हणून दाखवावा लागत नाही, परंतु नियोक्त्यालाही तो खर्च म्हणून वजा मिळत नाही. सहकारी कारखान्यांना ही उदारता क्वचितच परवडते. १९६१ च्या अधिनियमाची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या प्राप्तिकर अधिनियमाने घेतली. फुकट व सवलतीचे घर परिलब्धी म्हणून त्यातही कायम आहे.